चौकातले ऊन : एका जुन्या घराचे चित्रवर्णन

जुन्या चौकाच्या घराचे चित्र काढायचे झाले, तर ते आधी शब्दांत बांधावे लागते. चित्रकार किंवा संगणकावर दृश्ये तयार करणारा आरेखक ते घर बहुधा पाहिलेला नसतो. त्याच्या हाती एक कागद येतो आणि त्या कागदावर जे असेल त्यावरूनच घर उभे राहते. वास्तुरचनाकारांच्या कचेऱ्यांत हा कागद लिहिण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपल्या व्यवसायातील एखादा अनुभव लिहा' असे कळविले, तेव्हा बदलापूर गावातील एका घरासाठी लिहिलेला असाच एक कागद मला आठवला. ते घर आता उभे नाही. त्याची दोन चित्रे आहेत, आणि ती दोन का झाली हेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या कागदाची अडचण सांगतो. 'जुना चौकाचा वाडा, लाकडी खांब, मध्ये तुळस, प्रसन्न सकाळ' एवढेच लिहून दिले, तर दहापैकी नऊ चित्रकार पुण्याचा वाडा काढतात. सुरूच्या झाडासारखे निमुळते, कोरीव खांब येतात, त्यांना जोडणाऱ्या लाकडी कमानी येतात, वर केळफुलाची नक्षी येते. ही सारी पेशवाईतील श्रीमंत वाड्यांची लक्षणे होत. पुण्यातील विश्रामबागवाड्यात ती आजही पाहता येतात. बदलापूरच्या शेतकरी-सावकाराच्या घरात ती नव्हती. दुसरा चित्रकार कोकणातील म्हणून तांबड्या जांभ्या दगडाच्या भिंती काढतो. जांभा हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा दगड. उल्हास नदीच्या खोऱ्यात घराला लागणारा दगड म्हणजे काळा पाषाण. अंबरनाथचे शिवमंदिर याच काळ्या दगडात शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहारांच्या काळात उभे राहिले. पावसाळ्यात ते मंदिर पाहिलेल्याला हा दगड भिजल्यावर किती काळाभोर होतो आणि उन्हाळ्यात कसा करडा दिसतो, हे निराळे सांगावे लागत नाही. तिसरा चित्रकार सोलापूर-मराठवाड्याकडची मातीची सपाट माळवदे काढतो. आपल्याकडच्या पावसात तसले छप्पर दोन मृग नक्षत्रेही काढणार नाही. म्हणून कागदाच्या पहिल्याच ओळीत घर कोठले, हे लिहावे लागते. कारण स्थळ निश्चित झाले की निम्मी सामग्री आपोआप निश्चित होते.

त्यानंतरचा प्रश्न काळाचा. 'जुने' हा काळ नव्हे. कोणतेही जुने घर एका दिवसात जुने झालेले नसते. त्याच्यावर निरनिराळ्या पिढ्यांचे थर बसलेले असतात, आणि चित्राला मात्र एकच वर्ष निवडावे लागते. बदलापूरच्या त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतींना कमरेच्या वरपर्यंत सिमेंटचा गिलावा होता. २६ जुलै २००५ च्या पुरात नदीचे पाणी घरात शिरले, मातीचा जुना गिलावा सुटून पडला आणि मग सिमेंट आले. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या, चौकावर पत्र्याचे छत होते. हे सारे बाजूला सारून आत काय उरते, ते पाहावयाचे होते.

काळ सांगण्यात सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे कौल. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो ते चपटे, खाचांचे, एकमेकांत अडकणारे कौल. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगलोरला त्याचा कारखाना काढला. तिकडून ते समुद्रमार्गे व पुढे रेल्वेने सर्वत्र पसरले. तेव्हा १८२० सालच्या घराच्या चित्रात मंगलोरी कौल दिसले, तर ते चित्र चुकले असे निःशंक म्हणावे. त्याआधी आपल्याकडे गावच्या कुंभाराने चाकावर घडविलेली नळीची कौले असत किंवा गवताचे शाकार असे. मंगलोरी कौल उलटे करून पाहिले की पाठीवर कारखान्याचे नाव उठविलेले आढळते. या घराच्या कौलांवर तसे नाव होते. परंतु त्यावरून घर रेल्वेनंतरचे ठरविणे घाईचे झाले असते, कारण छप्पर बदलता येते.

ते बदलले होते, हे दोन गोष्टींवरून कळले. पहिली गोष्ट वाशांवर होती. मंगलोरी कौलांना सुमारे फूटभर अंतराने ठोकलेल्या सरळ रिपा लागतात. नळीच्या कौलांखाली मात्र बांबूच्या कामट्या अगदी जवळ जवळ बांधलेल्या असतात. या घराच्या वाशांवर रिपांच्या खिळ्यांमध्ये मधूनमधून बांधणीच्या दोरीने घासलेल्या जुन्या खाचा होत्या. दुसरी गोष्ट चौकाच्या फरशीवर होती. पावसाळ्यात पागोळ्या ज्या ओळीत पडतात, त्या ओळीत दगडाची जोडणी धुपते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. येथे अशा दोन ओळी होत्या. एक आजच्या पागोळीच्या बरोबर खाली, तर दुसरी, अधिक झिजलेली, त्याहून सुमारे अर्धा फूट चौकाच्या आत. म्हणजे मूळ छप्पर अर्धा फूट अधिक पुढे आलेले होते. घराचा सांगाडा नळीच्या कौलांच्या काळचा, छप्पर मंगलोरी कौलांच्या काळचे, आणि भिंतींचा गिलावा काल-परवाचा, असे तीन थर झाले.

ओसरीची शहाबादी फरशी मधल्या थरातली. शहाबाद गुलबर्ग्याकडे. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि पुढे रूळ तिकडे पोचले, तेव्हाच ही फरशी आपल्याकडे सहज येऊ लागली. कल्याणहून अंबरनाथ, बदलापूरवरून पळसदरीकडे जाणारी गाडी मात्र त्याआधीच, १८५६ पासून, धावत होती. त्यामुळे आपल्या या पट्ट्यातील घरांचा काळ ठरविताना मी स्वतःला नेहमी एकच प्रश्न विचारतो : ही वस्तू बैलगाडीने येण्याजोगी आहे की आगगाडीने? काळा दगड, कारवीचे कूड, गावची वीट, चुना, जंगलातला साग ही बैलगाडीची सामग्री. कौल, शहाबादी फरशी, खिडकीची काच, लोखंडाचे गज ही आगगाडीची.

मग चित्रासाठी कोणते वर्ष निवडावे? त्या घरातल्या वृद्ध आजी १९४७ मध्ये सून म्हणून तेथे आल्या होत्या. त्यांना घराचा कोपरान् कोपरा आठवत होता. चित्रात जे दाखवावयाचे त्याला जिवंत साक्ष असावी म्हणून मी १९४८ चा डिसेंबर निवडला. घरात वीज नव्हती. खांबाला कंदिलाची खुंटी होती. शेजारी, कल्याणच्या लष्करी छावणीच्या ओसाड बराकींत, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे संसार मांडीत होती. तिला उल्हासनगर हे नाव १९४९ मध्ये मिळाले. म्हणून १९४८ च्या चित्रात कोठे पाटी दाखवायची झाली, तर तिच्यावर 'उल्हासनगर' लिहिता येणार नाही. काळाची एकेक ओळ अशी इतर ओळींना बांधून ठेवते.

आता उन्हाकडे येतो, कारण चौकाच्या घराचे चित्र बहुतेक वेळा उन्हातच बिघडते. चौक म्हणजे आकाशाला उघडा असलेला मधला भाग. त्याच्या चारी बाजूंना जोते, जोत्यावर ओसरी, ओसरीवर उतरते छप्पर. चित्रकार चौकात भरपूर ऊन ओततो. प्रत्यक्षात ऊन चौकात कधी व किती उतरते, याचा हिशेब अगदी सोपा आहे.

बदलापूर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, म्हणून ते जाणवत नाही. मे महिन्यात मात्र पागोळीची सावली बरोबर पागोळीखालीच पडते आणि चौकाची फरशी पूर्ण तापते. डिसेंबरच्या मध्यात हाच सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, म्हणजे आकाशाच्या जेमतेम निम्म्यावर, येतो. त्या वेळी उभ्या काठीची सावली काठीच्या उंचीपेक्षा थोडीच कमी पडते.

या घराचा चौक दक्षिणोत्तर १४ फूट होता. दक्षिणेकडील पागोळी चौकाच्या फरशीपासून ९ फूट उंच आणि जोत्याच्या कडेपासून दीड फूट पुढे आलेली. ९ फुटांच्या उंचीची सावली डिसेंबरच्या दुपारी सुमारे सव्वाआठ फूट पडते. त्यात पुढे आलेला दीड फूट मिळविला की दक्षिणेकडून जवळजवळ १० फुटांपर्यंत फरशी सावलीत जाते. उरतात उत्तरेकडचे चार फूट. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, चौकात उन्हाचा एवढाच पट्टा. मात्र तेच तिरपे ऊन उत्तरेच्या पागोळीखालून ओसरीत शिरते आणि दोन फुटांच्या जोत्यावर सुमारे पाच फूट आत पोचते. हिवाळ्यात घरातले सारे उत्तरेच्या ओसरीवर का बसतात, याचे उत्तर त्या पाच फुटांत आहे.

हा हिशेब कागदावर मांडून मी त्या आजींना दाखविला नाही, नुसते विचारले, "आजी, थंडीच्या दिवसांत चौकात वाळवण कोठे घालायचात?"

त्या म्हणाल्या, "चौकात कुठलं? त्या पलीकडच्या कडेला हातभर ऊन यायचं. वाल तिथे पसरायचे आणि ऊन सरकेल तसे सूप सरकवायचे. पापड-कुरडयांचा चौक उन्हाळ्यात. तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची."

हिशेब आणि आठवण एकमेकांस मिळाली. चित्रावरून ते खरे की कल्पित हे ओळखण्याची एक साधी खूण येथे सापडते. चित्रात हिवाळा असून संपूर्ण चौक उन्हात असेल, किंवा मे महिन्याची दुपार असून खांबांच्या लांब सावल्या पडलेल्या असतील, तर चित्रकाराने ऊन पाहिलेले नाही, नुसते रंगविले आहे.

वेळ लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'दुपारी बारा' असे लिहू नये. भारतीय प्रमाणवेळ आपल्यापासून बऱ्याच पूर्वेकडील रेखांशावरून मोजली जाते. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. त्यातच १९५५ पर्यंत मुंबईत प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' चालत होती. १९४८ च्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, हा वाद निर्माण करण्यापेक्षा 'सूर्य ऐन दक्षिणेला' असे लिहिले की चित्रकाराला दिशाही कळते व उंचीही.

चौथी बाब वातावरणाची. येथे लोक विशेषणे लिहितात : शांत, प्रसन्न, समृद्ध, गतवैभवाची साक्ष देणारे. विशेषणांतून चित्र निघत नाही. वातावरण हे कारणांनी तयार होते आणि ती कारणे लिहावी लागतात. या घराचे स्वयंपाकघर पूर्वेकडच्या सोप्यात होते. त्याला धुराडे नव्हते. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाई. म्हणून पूर्वेकडचे वासे आणि कडीपाट काजळीने काळेभोर, तर पश्चिमेकडचे त्याच सागाचे लाकूड तांबूस तपकिरी. हा फरक लिहिला नाही, तर चारी बाजूंचे लाकूड एकाच रंगाचे येते आणि घर नाटकातल्या देखाव्यासारखे दिसू लागते. हवेत धूर असला तरच कवडशाची तिरीप डोळ्यांना दिसते. स्वच्छ हवेत ती दिसत नाही. म्हणून तिरीप हवी असेल तर धुराचे कारण द्यावे. डिसेंबरात पाऊस संपून दोन महिने झालेले असतात. जोत्याच्या दगडावर पावसाळ्यातले शेवाळ असते, पण ते वाळून तपकिरी झालेले; हिरवेगार शेवाळ आणि वाळत घातलेले वाल एका चित्रात येऊ शकत नाहीत. भिंतीच्या तळाशी, पाऊस उडतो त्या उंचीपर्यंत, चुन्याच्या सफेदीवर मातकट पट्टा असतो. एवढे लिहिले की 'प्रसन्न' हा शब्द लिहावा लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चित्र कोठून पाहिलेले आहे? काळ, सामग्री, वेळ, वातावरण या चार गोष्टी लिहून झाल्यावर पाचवी राहते, आणि ती बहुतेक कागदांवर नसते. पाहणारा कोठे उभा आहे?

ज्या कुटुंबाने हे काम सांगितले, त्यांचे घर पाडून तेथे इमारत होणार होती. इमारतीच्या दर्शनी दालनात जुन्या घराचे मोठे चित्र लावावे, अशी त्यांची इच्छा होती. चौकाचे चित्र म्हणजे ओसरीवर उभे राहून दिसणारे चित्र, हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि त्यात गैर काही नव्हते. त्यांचे घर त्यांनी तेथूनच पाहिले होते.

माझ्या आजीने ते घर पाहिले होते, पण तेथून नव्हे. त्या काळी ती शेजारच्या गावाहून गवताचे भारे घेऊन बदलापुरात येत असे. गोठा असलेल्या घरांच्या अंगणात भारा उतरवायचा, जोत्यापासून दूर थांबायचे, वरून हातात टाकलेले पैसे झेलायचे, आणि परतायचे. तहान लागली तर पाणी वरून ओंजळीत. आमच्या वस्तीतील सर्वांचे जुन्या घरांचे ज्ञान असे अंगणापर्यंतचेच होते. मी लहान असताना एकदा तिला विचारले होते, "आजी, त्या घरात आत काय होते?" ती म्हणाली, "आत काय हाय ते मला नाय ठावं. भांडी वाजायची, तेवढं ऐकू यायचं."

मला ते वाक्य बरीच वर्षे नुसते दुःखाचे वाटत आले. त्या घराची मापे घेतली, तेव्हा ते वास्तुदृष्ट्याही तंतोतंत खरे आहे असे दिसून आले. घराचे दार दक्षिणेला होते. पुढचे जोते अंगणापासून सुमारे तीन फूट उंच. अंगणात उभ्या असलेल्या, ठेंगण्या बांध्याच्या बाईचे डोळे जमिनीपासून पावणेपाच फुटांवर, म्हणजे जोत्याच्या पातळीहून जेमतेम पावणेदोन फूट वर. दार उघडे असले तरी तिची नजर आतल्या सोप्याच्या जमिनीला जवळजवळ समांतर जाणार. चौकाची फरशी सोप्याहून दोन फूट खोल. ती सोप्याच्या आतल्या कडेआड पूर्ण लपते. म्हणजे अंगणातून चौक दिसतच नाही. दिसतो तो अंधारलेला सोपा आणि त्याच्या पलीकडे, डिसेंबरच्या दुपारी, उन्हात उजळलेली उत्तरेची ओसरी व तिचे खांब. मधली जागा रिकामी. तेथून आवाज येतो, धुराचा वास येतो; तळ दिसत नाही.

हे मी त्या कुटुंबापुढे मांडले आणि दोन चित्रे काढावीत असे सुचविले. क्षण एकच, उभे राहण्याच्या जागा दोन. घरातल्या तरुण मुलाला ते फारसे रुचले नाही. "दर्शनी दालनात लावायचे आहे, लोकांना घर दिसले पाहिजे. आणि गवताचा भारा घेतलेली बाई कशाला?" असे तो म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला सुंदर घर हवे होते.

उत्तर त्या वृद्ध आजींनी दिले. त्या म्हणाल्या, "भारे तिथेच उतरायचे. गोठ्याच्या या अंगाला. दुसरीकडे काढलेत तर खोटं होईल, आणि नाहीच काढलेत तर ते त्याहून खोटं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमच्या आजी यायच्या का आमच्याकडे?"

"बदलापुरात यायची, एवढे माहीत आहे. कोणत्या घरी, ते नाही," मी म्हणालो.

"आम्ही विचारलंच नाही कधी कुणाला नाव," त्या म्हणाल्या. पुढे त्या विषयावर कोणी बोलले नाही. दोन चित्रांना संमती मिळाली.

चित्रकाराला दिलेला अंतिम कागद येथे उतरवून देतो.

'स्थळ : बदलापूर गाव, उल्हास नदीकाठ. काळ : डिसेंबर १९४८, मध्य. वेळ : सूर्य ऐन दक्षिणेला, आकाश निरभ्र. घर एकमजली, चौसोपी, दार दक्षिणेस. जोते घडीव काळ्या दगडाचे, दर्जा चुन्याच्या. भिंती विटांच्या, मातीचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. तळाशी पावसाच्या शिंतोड्यांचा मातकट पट्टा. खांब सागाचे, चौकोनी, बिननक्षीचे, दगडी तळखड्यावर. कमानी नाहीत. छप्पर मंगलोरी कौलांचे, नवे नव्हे, मधूनमधून काळपटलेले. ओसरीस शहाबादी फरशी, चौकास काळा दगड, वायव्येच्या कोपऱ्यात पाणी जाण्याची मोरी. वीज नाही, खांबाला कंदिलाची खुंटी.

चित्र पहिले, दक्षिणेच्या सोप्यातून उत्तरेकडे. पुढचे दहा फूट सावलीत, मग फरशीवर चार फुटांचा उन्हाचा पट्टा, त्यात सुपांवर वाल. उत्तरेच्या ओसरीत ऊन पाच फूट आत. उजवीकडे पूर्वेच्या सोप्यातून विरळ धूर, तेथील लाकूड काजळीचे. तुळस पट्ट्यात अर्धी.

चित्र दुसरे, त्याच क्षणी, अंगणातून उत्तरेकडे. डोळ्यांची उंची जमिनीपासून पावणेपाच फूट. अंगण व जोत्याची दर्शनी बाजू भर उन्हात. दार उघडे, आत सोपा काळोखा, पलीकडे उजळलेले दोन खांब. चौकाची फरशी दिसणार नाही. उजव्या हाताला गोठा, त्याच्या जवळ उतरविलेला गवताचा भारा आणि पाठमोरी उभी बाई. तिची सावली तिच्या पुढे, जोत्याच्या दिशेने, तिच्या उंचीहून थोडी आखूड.'

या शेवटच्या ओळीवर चित्रकार अडला. "बाईची सावली जोत्यावर पडेल का?" असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि आमच्या वाडवडिलांच्या दृष्टीने तो केवळ उन्हाचा नव्हता. मी हिशेब करून दिला. पाच फुटांहून किंचित अधिक उंची, सुमारे पावणेपाच फुटांची सावली. बाई जोत्यापासून आठ फूट दूर. सावली जोत्याला पोचत नाही. सूर्य उतरू लागला की ती लांबते खरी, परंतु त्याबरोबर पूर्वेकडे वळते; उत्तरेला असलेल्या जोत्याकडे तिचा शेंडा सुरुवातीला फारसा सरकत नाही. किती दूर उभे राहावे, हे त्या काळच्या लोकांना कोणत्याही हिशेबाशिवाय पाठ होते.

मधली उघडी जागा आणि भोवताली खोल्या ही रचना कोणा एका जातीची वा काळाची मालमत्ता नव्हे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. बदलापूरहून याच नदीच्या वरच्या अंगाला, कर्जतच्या पुढे राजमाचीच्या पायथ्याशी, कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विहारात मध्ये दालन आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आहेत. खोदणाऱ्यांनी दगडातही लाकडी बांधणीचे बहाल आणि वासे कोरून ठेवले आहेत. वरून उघडा नाही एवढे सोडले, तर तोच आराखडा. फरक एवढाच की तेथे दालनात कोणी उतरावे आणि कोणी उतरू नये, असा प्रश्न दाराशी विचारला जात नव्हता.

घर पाडले गेले. सागाचे वासे आणि कौले विकली गेली. जुन्या लाकडाला आपल्याकडे गिऱ्हाईक लगेच मिळते. काळा दगड इमारतीच्या पायात भरावासाठी गेला. दोन्ही चित्रे नव्या दर्शनी दालनात समोरासमोर लावलेली आहेत. मधून माणसे जिन्याकडे जातात. एका चित्रात चौकातले वाल दिसतात, दुसऱ्यात दिसत नाहीत. पण ओसरीचे ते दोन उजळलेले खांब दोन्ही चित्रांत आहेत, आणि त्यांवरचे ऊन एकच आहे.